लंपनला दिसतं ते आणि आपल्याला कळतं ते

लहान मुलाच्या तोंडून गोष्ट सांगायची म्हणजे सोपं काम, असं पुष्कळांना वाटतं. वाक्यं छोटी करायची, चार बोबडे शब्द घालायचे, झालं! पण तसं बघितलं तर मराठीत हे साधलेली पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतील. प्रकाश नारायण संतांचा लंपन त्यांत पहिला. ‘वनवास’ 1994 साली आलं, मागून ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. आमच्या जोयडा भागातल्या वाचकाला तर हा मुलगा परका वाटतच नाही. रामनगरच्या बाजारात मराठी, कोकणी, कानडी एकाच वाक्यात येतात की नाही? लंपनच्या गावातही तसंच. त्यामुळे त्याची भाषा आम्हाला समजावून घ्यावी लागत नाही. लक्ष सरळ जातं ते तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, तिकडे.

मूळ परिस्थिती अगदी साधी आहे. लंपनचे आईवडील आणि धाकटी भावंडं एका गावी, आणि हा आजी-आजोबांकडे दुसऱ्या गावी. तो तिथे का, याचा उलगडा तो करत बसत नाही. घर, शाळा, मित्र, सुमी, गावातली माणसं, सगळं तो भरभरून सांगतो. आजी रागावते, आजोबा समजून घेतात, दिवस मजेत जातात. आणि तरी पहिल्या पुस्तकाचं नाव ‘वनवास’! बोलणारा मुलगा लाडात वाढतो आहे, आणि नाव म्हणतं हा घराबाहेर आहे. या दोन्हींच्या मधली जागा वाचकाची. मुलाला दिसतं ते आजीचं घर. आपल्याला त्यामागे आईपासून सुटलेलं मूल दिसतं.

हे संतांनी कसं केलं, त्याची एक खूण सांगते. लंपनला आकड्यांची खोड आहे. कुणी एखादी गोष्ट कितीदा सांगितली, मनात काय कितीदा आलं, याचा तो ठोक आकडा देतो, तोही ‘शंभरदा’ असा गोल नव्हे, चांगला विषम, अवघड. पहिल्यांदा वाचताना हसूच येतं. पण पुढे पुढे बघा, मोजता येणार नाही तिथेच हा मोजतो. भीती, लाज, आठवण यांना त्याच्याकडे शब्द नाही, आकडा आहे. त्याचा तो ‘म्याड’ शब्दही तसाच. मोठा माणूस ‘मला एकटं वाटलं’ म्हणून मोकळा होईल. लंपनला तसं म्हणता येत नाही, म्हणून तो डोकं म्याड झाल्याचं सांगतो आणि विषय बदलतो. सुमीचंही तेच. तिच्याविषयी वाटतं त्याला तो नाव देत नाही. ती आली की त्याचं सांगणं बदलतं, एवढंच आपण टिपायचं.

‘श्यामची आई’शी ताडून पाहिलं की फरक उघड होतो. साने गुरुजींनी ते पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात बोलतो तो मोठा झालेला श्याम. आश्रमातल्या मित्रांना तो रात्री आठवणी सांगतो. लहानपणी कळलं नव्हतं ते आता कळलंय, आणि त्याचा अर्थ तो स्वतःच सांगतो. तिथे मूल आणि वाचक यांच्यात अंतर पडतं, पण मोठा श्याम ते लगेच भरून काढतो. आपण ऐकायचं आणि डोळे पुसायचे. दुसऱ्या टोकाला मार्क ट्वेनचा हक फिन. पळालेल्या गुलामाला, जिमला, धरून न देणं हे पाप, असं हक खरोखर मानतो, आणि ते पाप करायचं ठरवतो. तो स्वतःला वाईट म्हणतो नि आपल्याला तो चांगला दिसतो. लंपन या दोघांच्या मधे बसतो. त्याला अर्थ माहीत नाही असं नाही. बराचसा माहीत आहे, पण तो त्याकडे पाठ करून उभा आहे.

हे बिघडतं कुठे, ते दाखवायला माझंच एक उदाहरण रचते. काळी नदीवर सुपा धरण झालं, जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि पुष्कळ कुटुंबं रामनगरला आली. समजा, त्यातली एक नऊ वर्षांची मुलगी घर सोडल्याचा दिवस सांगते आहे. पहिला मसुदा असा: ‘बाबांच्या डोळ्यांत पिढ्यांची वेदना होती.’ हे वाक्य तिचं नव्हे. ‘पिढ्यांची वेदना’ तिच्याकडे येणार कुठून? लेखिका मागून बोलली. दुसरा मसुदा: ‘बाबा का रडत होते कोण जाणे, मला तर ट्रकात बसायची मजा वाटत होती.’ शब्द तिचे, पण लबाडी आहे. नऊ वर्षांच्या मुलीला घर जातंय हे कळतं. लेखिकेनं तिला मुद्दाम बावळट केलं आणि वाचकाला डोळा मारला. तिसरा मसुदा: ‘कौलं आधीच ट्रकात गेली होती. बाबांनी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. आई म्हणाली, पाडशील हं. मी पाडली नाही. ट्रकात कोंबडी दोनदा माझ्या मांडीवर आली.’ छप्पर नसलेल्या घराला कुलूप कशाला, हे ती विचारत नाही. ते आपण विचारतो. आणि कोंबडी हवीच. मुलाला महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं एकाच वजनाचं दिसतं. नेमकं सूचक तेवढंच टिपणारं मूल दिसलं की समजावं, कुणीतरी निवडून ठेवलंय.

लंपनच्या कथांत अशा कोंबड्या जागोजागी आहेत. वास, खाणं, रस्ते, शाळेतल्या खोड्या. काहींना ते पाल्हाळ वाटतं, आणि कधी कधी ते आहेही. पण ते सगळं छाटलं तर आईची आठवण एकटी उघडी पडेल आणि कथा रडकी होईल. त्या गर्दीत ती क्षणभर दिसते नि जाते, म्हणून लागते.

या रीतीला मर्यादाही आहे. अंतर पुस्तकात छापलेलं नसतं, ते वाचणाऱ्याच्या वयात असतं. बारा वर्षांचं पोर ‘वनवास’ वाचून नुसतं हसतं, आणि त्याचं काही चुकत नाही. त्याच्या आईला त्याच पानावर थांबावं लागतं. दुसरं असं, की मूल वाढतं. चार पुस्तकांत लंपन मोठा होत जातो, तसं त्याला अधिक कळू लागतं आणि आपल्यातलं नि त्याच्यातलं अंतर कमी होतं. अखेरीस वडिलांचा मृत्यू येतो. तिथे आपण त्याच्यापेक्षा शहाणे उरत नाही. आपल्याला कळतं तेवढंच त्यालाही कळलेलं असतं, आणि आकडे मोजून ते टाळता येत नाही.

म्हणून ‘झुंबर’ संपल्यावर पुन्हा ‘वनवास’ काढून बघा. पहिल्या वाचनाला आजीचं घर किती गजबजलेलं वाटलं होतं! आता त्याच पानांवर वडील दूरच्या गावी असतात, जिवंत असतात, आणि मुलाला अजून मोजत बसायला सवड असते.