टाळी कुठं पडते? : वेग वाढत जाणाऱ्या गरबागीताविषयी

नवरात्रात आपल्या मुदखेडात मांडवामांडवांतून गरबा चालतो. मराठीत नवी गाणीही लिहिली जातात, आणि त्यांपैकी काहींचे कागद आमच्या हाती येतात. कागदावर बहुतेक बरी असतात, पण शेवटच्या जलद भागात फसतात. दोष ढोलकीवाल्याच्या माथी मारला जातो. आमच्या मते तो बहुतेक वेळा अक्षरांत असतो.

गोंधळही आपण ऐकतोच, माहूर आपल्याच जिल्ह्यात. तिथंही संबळ चढत जातो. पण गोंधळात ऐकणारा बसलेला असतो, वेग पेलायचा तो गोंधळ्यानं. गरब्यात मात्र तोच वेग गोलातल्या शंभर बायांच्या हातापायांवर येतो. म्हणून गरब्याचं गाणं लिहिणाऱ्यानं आधी टाळी मोजावी, मग कल्पना सुचवून घ्याव्यात.

गरब्यात हींच हा सहा मात्रांचा ताल पुष्कळ चालतो. त्याची साधी घडण घेऊ : पहिल्या मात्रेला टाळी, चौथ्या मात्रेला टाळी. आता समजा, कुणी ओळ लिहिली, 'शेवंती ओंजळ'. वाचायला गोड आहे. पण 'शेवंती'त तिन्ही अक्षरं गुरू, प्रत्येकी दोन मात्रांची. म्हणजे अक्षरं सुरू होतात पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेला. चौथ्या मात्रेची टाळी 'वं'च्या ऐन मध्यावर येते. संथ लयीत हा झोल सुखावतो, त्याला आम्ही नाव ठेवणार नाही. जलद लयीत मात्र तोंड तिनाच्या हिशोबानं चालतं आणि हात दोनाच्या. मग अर्ध्या बाया तोंडामागं जातात, अर्ध्या ढोलकीमागं.

'ओंजळ'ची गोष्ट निराळी. सावकाश गाताना आपण ओं-ज-ळ अशी तीन अक्षरं म्हणतो, 'ळ' लांबवतो, टाळी त्यावर बसते. वेग वाढला की मराठी जीभ आपल्या मूळ सवयीवर येते आणि 'ओंजळ्' म्हणून मोकळी होते. शेवटचा 'अ' गळाला, आणि टाळी पडायला अक्षरच उरलं नाही! फूल, घट, रात, माळ, सगळ्यांची हीच तऱ्हा. लिपीत अक्षर दिसतं, तोंडात नसतं. (आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला अशा 'दिसणं' आणि 'असणं' यांत रस असायचाच.)

तीच ओळ 'झेंडुची ओंजळी' अशी करून बघा. झें दोन, डु एक, ची तीन मात्रा लांबवलेला. ओं दोन, ज एक, ळी तीन. चारही टाळ्या भरीव, दीर्घ अक्षरांच्या तोंडाशी आल्या. शेवंतीचा मोह सोडावा लागला खरा. तिला संथ अंतऱ्यात जागा द्यावी.

आता वेगाचं गणित. सुरुवातीला मिनिटाला ऐंशी टाळ्या धरू, शेवटी दीडशे. संथ भागात 'हळुच खुडुनि' अशी एका आवर्तनात सहा अक्षरं बसतात, म्हणजे सेकंदाला चार. हीच घडण शेवटपर्यंत नेली तर सेकंदाला साडेसात अक्षरं होतात. नाचत, टाळी देत, धापा टाकत ती कोण म्हणणार? म्हणून लय वाढेल तशी अक्षरं कमी करायची. शेवटी फक्त 'ये गं ये' उरावं : दोन, एक, तीन मात्रा. आवर्तनात तीनच अक्षरं, म्हणजे दीडशे टाळ्यांनाही सेकंदाला चाराच्या आतच. हात जवळजवळ दुप्पट धावतात, तोंडाची चाल मात्र होती तेवढीच राहते. आमच्याकडे येणाऱ्या कागदांत नेमकं उलटं असतं : अखेरच्या कडव्यात देवीची सगळी नावं कोंबलेली.

लय कुठं वाढवायची हेही लिहिणाऱ्यानंच ठरवावं. गोंधळात झीलकरी ओळ उचलून धरतो, तशी झील इथंही ठेवावी, आणि लय झिलीतच वाढवावी. तेव्हा तोंडात ओळखीचे शब्द असतात, लक्ष पायांकडे जाऊ शकतं. नव्या ओळीवर लय वाढवली की ओळ ऐकूच येत नाही. आपल्या पूर्वेला, धर्माबाद-बिलोलीच्या पट्ट्यात आणि पलीकडे तेलंगणात, बायका बतुकम्माभोवती टाळ्या देत फिरतात. तिथं दर ओळीअखेर 'उय्यालो' हे एकच पालुपद येतं. नवखी बाईसुद्धा तेवढं धरून गोलात टिकते. त्याचा शेवटचा 'ओ' पाहा, दीर्घ, उघडा, न गळणारा.

गाणं फसतंय हे कानाला आधी कळतं. नीट चाललं असेल तर शंभर हातांची टाळी एकच वाजते. बिघडलं की ती पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी तडतडते. थोडं तडतडणं मोठ्या मैदानात होणारच. गोल तीस मीटर रुंद असेल तर समोरच्या टोकाचा आवाज यायलाच सेकंदाचा जवळपास अकरावा हिस्सा जातो, आणि दीडशेच्या लयीत दोन टाळ्यांमधलं अंतर सेकंदाच्या चार दशांशांएवढंच. त्यावर कवीचा इलाज नाही. ढोलकी मधोमध बसवा, फार तर दोन गोल करा.

पण तडतड एखाद्याच ओळीला होत असेल आणि पुढच्या ओळीला टाळी पुन्हा जुळत असेल, तर ढोलकीवाल्याला बोलू नका. कागद काढा, आणि त्या ओळीत चौथ्या मात्रेवर कोणतं अक्षर आहे ते बघा.