जाहिरात, आठवण आणि दुवा : पहिल्या चित्रपटाच्या वादातील साधनांची पारख

भारतातला पहिला चित्रपट कोणता, या वादावर मराठीत भरपूर लिहून झाले आहे. एका बाजूला दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ (१८ मे १९१२), दुसऱ्या बाजूला दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (३ मे १९१३). दोन्ही गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागले. या वादाचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. वाद घालणारे आपल्या तळटिपांत काय देतात आणि त्या तळटिपा किती भार पेलतात, एवढेच पाहायचे आहे. वर्तमानपत्र, आठवण, मुलाखत, संकेतस्थळ आणि समाजमाध्यमावरील मजकूर ही सगळी साधने या एकाच प्रकरणात भेटतात.

तोरणेपक्षाचा मुख्य पुरावा म्हणजे २५ मे १९१२च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तली कॉरोनेशनची जाहिरात. ती पुनःपुन्हा उद्धृत होते, पण बहुतेक ठिकाणी नुसते ‘टाइम्समध्ये म्हटले आहे’ असे लिहून. इथेच पहिली गफलत होते. वर्तमानपत्रात म्हटले आहे म्हणजे नेमके कोणी म्हटले? बातमी बातमीदाराची असते, अग्रलेख संपादकाचा, पत्र वाचकाचे आणि जाहिरात पैसे भरणाऱ्याची. ही जाहिरात थिएटरवाल्याची आहे. तेव्हा टिपेत वृत्तपत्राचे नाव, आवृत्तीचे गाव, तारीख, पान आणि ‘जाहिरात’ हा शब्द, पाचही गोष्टी हव्यात. त्यातला शेवटचा शब्द गाळला की थिएटरवाल्याचा आवाज वर्तमानपत्राचा होऊन बसतो.

आता ही जाहिरात काय सिद्ध करते? ‘पुंडलिक’ नावाचा, लोकप्रिय हिंदू नाट्यविषयावरचा चित्रपट त्या आठवड्यात तिथे दाखवला जात होता, हे नक्की सिद्ध करते. खेळ चालू असताना, त्याच गावातल्या वर्तमानपत्रात, ज्यांना त्याच संध्याकाळी जाऊन खात्री करता येईल अशा वाचकांसाठी ती छापली गेली. न लागलेला चित्रपट लागला म्हणून छापण्यात थिएटरवाल्याचा तोटाच होता. वारही जुळतो. १८ आणि २५ मे १९१२ हे दोन्ही शनिवार होते आणि मागच्या आठवड्यापासून खेळ चालू असल्याचे जाहिरात सांगते. तारखेचा वार काढून पाहणे हा क्षुल्लक वाटणारा उपाय आहे, पण चुकीची तारीख पडलेली कात्रणे त्याने पटकन पकडली जातात.

त्याच जाहिरातीत, मुंबईच्या निम्म्या हिंदू वस्तीने हा चित्रपट गेल्या आठवड्यात पाहिला, असाही दावा आहे. काही लेखक तो ‘पुंडलिक’च्या लोकप्रियतेचा पुरावा म्हणून देतात. १९११च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती पावणेदहा लाखांच्या आसपास होती. त्यातले निम्मे हिंदू म्हणजे दोन-तीन लाख तरी होतात. एका थिएटरात आठवड्याला एवढे प्रेक्षक यायचे तर दिवसाला तीस-चाळीस हजार तिकिटे विकली जायला हवीत. म्हणजे एकाच जाहिरातीतले एक वाक्य भक्कम साधन आहे आणि दुसरे निव्वळ आरोळी. साधन ‘विश्वसनीय आहे की नाही’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या विधानासाठी विश्वसनीय, असे विचारायला हवे. शिवाय जितका मजकूर सहसा उद्धृत होतो त्यात तोरण्यांचे नाव नाही. चित्रपट कोणी केला, चित्रण नाटकाचेच होते का, कॅमेऱ्यामागे परदेशी माणूस होता का, फिल्म धुण्यासाठी लंडनला गेली का, हे खरे वादाचे मुद्दे आहेत आणि त्यांवर ही जाहिरात अवाक्षर बोलत नाही.

फाळक्यांच्या बाजूलाही अशीच एक जाहिरात आहे. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे तीन आण्यांत! सुरतच्या खेळाची म्हणून ती एरिक बार्नो आणि एस. कृष्णस्वामी यांच्या १९६३च्या ‘इंडियन फिल्म’ या ग्रंथातून सर्वत्र पसरली. आपण ती तिथे वाचली असेल तर टिपेत तो ग्रंथच द्यावा. मूळ हस्तपत्रक डोळ्यांनी पाहिल्याचा आव आणू नये. आणि जरा हिशेब करावा. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात. सत्तावन्न हजारांना सोळाने भागले की साडेतीन हजार फूट येतात आणि ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट सांगितली जाते. हा आकडा जवळपास खरा आहे! दोन मैल मात्र साडेदहा हजार फुटांच्या वर जातात. एकाच ओळीत कारागीर फाळके आणि विक्रेते फाळके शेजारी उभे आहेत.

आठवणींचे तंत्र वेगळे. फाळक्यांनी १९१७-१८मध्ये ‘नवयुग’मध्ये आपल्या धंद्याची हकीकत लिहिली, आणि पुढे १९२७-२८च्या रंगाचारियार समितीपुढे साक्ष दिली. ख्रिस्ताचे चरित्र पडद्यावर पाहून राम-कृष्णांचे चित्र मनात उभे राहिले, ही प्रसिद्ध गोष्ट त्यांचीच आहे. आपल्याला काय वाटले याचा यापेक्षा चांगला साक्षीदार मिळणार नाही. पण तो चित्रपट केव्हा पाहिला? कोणी १९१०चा नाताळ सांगतो, कोणी १९११चा ईस्टर. तारखेच्या कामी आठवण दुबळी ठरते. तिथे त्या दिवसांतल्या थिएटरच्या जाहिरातीच चाळायला हव्यात. प्रेरणा आठवणीकडून घ्यावी, तारीख वर्तमानपत्राकडून.

मुलाखतीला हेच लागू, थोड्या अधिक कडकपणे. छापील मुलाखत हे दोन माणसांचे आणि एका संपादकाचे मिळून झालेले लेखन असते. प्रश्न गाळलेला असतो, बोली ‘शुद्ध’ केलेली असते. मुलाखत आपणच घेतली असेल तर तारीख, ठिकाण, समोरासमोर की फोनवर, ध्वनिमुद्रण आहे का आणि ते कोठे ठेवले आहे, हे लिहावे. ‘लेखकाशी झालेल्या चर्चेत’ एवढ्यावर भागवलेली टीप दुसऱ्या कोणालाही तपासता येत नाही. चित्रकर्त्याच्या नातवाने सांगितलेली हकीकत ही घराण्यात काय सांगितले जाई याचा पुरावा होय, १९१२ सालचा नव्हे.

संकेतस्थळांविषयी थोडक्यात. विकिपीडियावरच्या लेखात ही जाहिरात सापडली तर त्या लेखाच्या तळटिपेपर्यंत जावे आणि तिथून मूळ अंकापर्यंत. विकिपीडियाच द्यायचा असेल (आणि ‘लोकांपुढे आज काय पोचते’ हा आपला विषय असेल तर तो द्यायलाच हवा) तर पाहिल्याची तारीख आणि त्या दिवसाच्या आवृत्तीचा कायमचा दुवा द्यावा, कारण उद्या मजकूर बदललेला असेल. इतर पाने इंटरनेट अर्काइव्हमध्ये जतन करून तो दुवा जोडीला द्यावा. एक सापळा मात्र ओळखून असावे. विकिपीडियावरचे वाक्य वर्तमानपत्र उचलते, आणि मग तेच वर्तमानपत्र विकिपीडियाला संदर्भ म्हणून लागते. दोन साधने दिसतात, असते एकच. शब्दरचना हुबेहूब जुळली, चूकही तीच असली, तर कोणती नोंद आधीची हे पानाच्या इतिहासात तारखेने पाहता येते.

दर ३ मे रोजी समाजमाध्यमांवर ‘राजा हरिश्चंद्र’ची छायाचित्रे फिरतात. चित्रपटाची पहिली आणि शेवटची रिळे तेवढी उरली आहेत, आणि तीही १९१७च्या पुनर्निर्मितीतली असावीत असे काही इतिहासकार मानतात. तेव्हा ‘१९१३चे दृश्य’ अशी ओळ असलेला मजकूर १९१३साठी कुचकामी आहे. तो लोकस्मृतीच्या अभ्यासाला चालेल, आणि तेव्हा खात्याचे नाव, तारीख, वेळ व पडद्याची प्रत जपून ठेवावी. पण एखाद्याने आपल्या घरातल्या जुन्या हस्तपत्रकाच्या दोन्ही बाजूंचा फोटो टाकला, तर? मग ती पोस्ट वाटाड्या समजावी. त्या व्यक्तीला लिहावे, कागद प्रत्यक्ष पाहावा, मागचा छापखान्याचा शिक्का वाचावा, नाव छापण्याची परवानगी घ्यावी, आणि टिपेत कागदाचा उल्लेख करावा. कागद पाहायला मिळाला नाही तर तेही टिपेतच लिहावे.