बॉलकॉकचे शेवटचे दीड सेंटीमीटर

गच्चीवरच्या टाकीत आडवा बसवलेला पितळी बॉलकॉक नीट पाहावा. एका टोकाला पोकळ गोळा, त्याला जोडलेला लांब दांडा, दांड्याच्या मुळाशी पिन आणि पिनेपलीकडे दांड्याचं आखूड, वाकलेलं टोक. हे टोक दट्ट्याच्या खाचेत अडकलेलं असतं. दट्ट्याच्या पुढच्या तोंडावर रबराचा वायसर आणि त्याच्यासमोर पाणी येण्याचं भोक, म्हणजे सीट. एवढ्याच सामानात पातळी मोजणं आणि पाणी बंद करणं ही दोन्ही कामं होतात आणि दोन्हींसाठी लागणारा जोर टाकीतलं पाणीच पुरवतं. मला ही रचना विलक्षण सुंदर वाटते.

तिची कसोटी अशी की येणारं पाणी सतत वायसरला सीटपासून मागे ढकलत असतं. १० मीटर उंचीवरून आलेल्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो असतो. सीटचं भोक ६ मिलिमीटरचं असेल तर वायसरवर पाव किलोहून थोडाच जास्त जोर येतो. ११ सेंटीमीटर व्यासाचा गोळा पूर्ण बुडाला तर सुमारे ७०० ग्रॅम पाणी बाजूला सारतो. दांड्याची लांब बाजू आखूड बाजूच्या दहापट धरली, तर गोळ्यावरची ३० ग्रॅमची उचल वायसरवर ३०० ग्रॅम होऊन पोचते. गोळा आणि दांडा मिळून १०० ग्रॅमचा भार धरला, तरी गोळा पाव भागही बुडायच्या आत पाणी थांबतं.

खरी नजाकत शेवटच्या टप्प्यात आहे. वायसर सीटपासून दीड मिलिमीटरपेक्षा लांब असेपर्यंत धार जवळपास पूर्ण वाहते, कारण तोवर भोवतालची फट भोकापेक्षा मोठी असते. त्या दीड मिलिमीटरसाठी गोळ्याला दीड सेंटीमीटर चढावं लागतं. एक मीटर व्यासाच्या टाकीत हे सुमारे १२ लिटर पाणी झालं. म्हणजे नळ झटकन बंद होत नाही, धार हळूहळू बारीक होत जाते आणि पाइपला हादरा बसत नाही.

पण या सौम्यपणातच बॉलकॉकची दुखणीही आहेत. मिटत आलेल्या बारीक फटीतून पाणी फार वेगानं निसटतं आणि सीटची कड हळूहळू कुरतडली जाते. वायसरवर खोल वळी पडते. वाळूचा एक कण तिथे अडकला तरी दोन्ही तोंडं जुळत नाहीत. सेकंदाला एक थेंब गळत राहिला तर दिवसाला सुमारे ४ लिटर पाणी होतं.

दट्ट्या अडकण्याचं कारण वेगळं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामधल्या फटीत साचतात. टाकी सतत भरलेली राहिली तर दट्ट्या तेवढ्याच दोन-तीन मिलिमीटरमध्ये हलतो आणि बाकीच्या नळीवर थर चढत जातो. मग एखाद्या दिवशी टाकी रिकामी झाली, दट्ट्या पार मागे गेला, की परत पुढे येत नाही.

दोष ओळखायची रीत सोपी आहे. गोळा हातानं वर उचलून धरा. दांडा अडखळला तर दट्ट्या अडकला आहे. दांडा मोकळा फिरूनही धार चालू राहिली तर वायसर किंवा सीट गेली. धार थांबली तर गोळ्यात पाणी शिरलंय का ते हलवून ऐका. तसं नसेल तर गोळ्याची उंची चुकली आहे.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते रात्रीच वाहणाऱ्या टाकीचं उदाहरण. समजा, सीट १२ मिलिमीटरची आहे. दिवसा दाब १ किलो आहे, पण रात्री गावातले नळ बंद झाल्यावर तो ३ किलोपर्यंत चढतो. तेव्हा वायसरवरचा जोर सव्वा किलोच्या आतून साडेतीन किलोच्या जवळ जातो. पाणी थांबवायला गोळ्याला दिवसापेक्षा सुमारे अडीच सेंटीमीटर जास्त बुडावं लागतं, म्हणजे पातळीही तेवढीच वर जाते. ओव्हरफ्लोचं तोंड दिवसाच्या पातळीपेक्षा दोनच सेंटीमीटर वर असेल, तर पाणी रात्रभर वाहतं आणि सकाळी प्लंबरला काहीच बिघडलेलं सापडत नाही. वायसर बदलूनही फरक पडत नाही. हाच हिशेब ६ मिलिमीटरच्या सीटला लावला तर पातळी एक सेंटीमीटरही चढत नाही. टाकी मात्र सावकाश भरते.

म्हणून नवा बॉलकॉक घेताना रात्रीच्या दाबाला पुरेल अशी लहान सीट मागा आणि पाणी ओव्हरफ्लोच्या निदान चार-पाच सेंटीमीटर खाली थांबेल असा गोळा लावा. जुना उघडाल तेव्हा पिन काढून दट्ट्यावरचा थर बारीक पॉलिश पेपरनं घासा, वायसर नवा घाला आणि तिथे ग्रीस लावू नका. ते पिण्याच्या पाण्यात उतरतं आणि रबरही फुगवतं.