पोच केव्हा द्यावी? पीएलसीच्या मागोवा-नोंदींविषयी एक विचार

पंपाच्या झाकणाचा बोल्ट कारखान्यात किती टॉर्कने आवळला गेला, हा प्रश्न बहुधा तो पंप गळू लागल्यावर, म्हणजे फार उशिरा विचारला जातो. त्या वेळी उत्तर देणारी एकच वस्तू उरते : पीएलसीकडून पायथनच्या लहानशा गेटवे-लिपीमार्फत एसक्यूएल डेटाबेसात उतरलेली नोंद. असल्या लिप्या सर्वत्र लिहिल्या जातात आणि त्या चालतातही. परंतु त्या चालतात याचा अर्थ त्यांच्या नोंदी विश्वसनीय आहेत असा मात्र होत नाही.

सर्वांत भाबडी रचना अशी. लिपी दर अर्ध्या सेकंदाला पीएलसीची स्मृती वाचते व सुट्या भागाचा अनुक्रमांक बदललेला दिसला की एक ओळ लिहिते. दुरुस्तीसाठी तोच भाग लागोपाठ पुन्हा आवळला तर दुसरी नोंद होतच नाही. तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

विचारास योग्य अशी रचना पोच देणारी होय. पीएलसी टॉर्क, कोन व निकाल प्रथम भरते, त्यानंतरच नोंदक्रमांक एकाने वाढविते, आणि तोच क्रमांक पोच म्हणून परत येईपर्यंत नोंद बदलत नाही व भागही पुढे सोडीत नाही. गेटवेने आधी क्रमांक वाचावा, मग नोंद. उलट केल्यास जुन्या नोंदीस नवा क्रमांक चिकटण्याचा संभव राहतो. आता पोच आधी की डेटाबेसातील `COMMIT` आधी, हा प्रश्न उरतो. समजा, १८२०४ क्रमांकाची नोंद आली, टॉर्क २४.१ न्यूटन-मीटर. पोच आधी दिली आणि त्याच क्षणी वीज गेली, तर भाग पुढे जातो व नोंद नाहीशी होते. तक्त्यात १८२०३ नंतर १८२०५ दिसते, एवढीच काय ती खूण. म्हणून क्रम असाच हवा :

```python
cur.execute(INSERT_SQL, rec)
conn.commit()
write_ack(plc, rec["seq"])
```

या क्रमात वीज दुसऱ्या व तिसऱ्या ओळींमध्ये गेली तर नोंद हरवत नाही. पण गेटवे पुन्हा सुरू होताच तीच नोंद दुसऱ्यांदा येते. ही पुनरुक्ती टाळण्यासाठी पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये स्थानक व नोंदक्रमांक यांवर अनन्य निर्बंध घालून पुढील शेपूट जोडण्याची पद्धत आहे :

```sql
ON CONFLICT (station, seq) DO NOTHING
```

बहुतेकांचे समाधान येथे होते. तथापि या रचनेचा खरा दोष याच शेपटात दडलेला आहे. पीएलसीच्या डेटा-ब्लॉकची रचना बदलून प्रोग्रॅम पुन्हा उतरविला की त्यातील मूल्ये प्रारंभिक स्थितीस जाऊ शकतात, आणि नोंदक्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो. पहिला नवा भाग १ क्रमांकाने येतो; तक्त्यात १ जुनाच आहे; डेटाबेस काहीच करीत नाही, चूकही दाखवीत नाही; गेटवे पोच देतो. असे १८२०४ भाग निर्वेधपणे निघून जातात आणि त्यांपैकी एकाचीही नोंद होत नाही. क्रमांकांतील खंड शोधणाऱ्यासही काही सापडत नाही, कारण खंड पडलेलाच नसतो. पुनरुक्ती ओळखण्यासाठी योजलेले साधन येथे नव्या नोंदीलाच पुनरुक्ती ठरविते.

यावर उपाय असा, की `rowcount` शून्य आला तर पोच देण्यापूर्वी तक्त्यातील जुनी ओळ वाचावी व अनुक्रमांक, टॉर्क आणि कोन ताडून पाहावेत. सर्व जुळले तर ती खरीच पुनरुक्ती, पोच द्यावी. न जुळले तर पोच रोखून स्थानकावर इशारा द्यावा. ही तुलना करताना टॉर्कचा स्तंभ एका दशांशापर्यंत गोळाबेरीज करणारा नसावा, नाहीतर प्रत्येक प्रामाणिक पुनरुक्ती भिन्न भासेल. पीएलसीचे ३२-बिटी मूल्य `double precision` स्तंभात जसेच्या तसे राहते.

इशाऱ्यावर भागत नसेल तर क्रमांकाबरोबर एक पर्वक्रमांक ठेवावा. तो डेटाबेसाने द्यावा, पीएलसीने नव्हे. मात्र पीएलसीत त्याची जागा नोंदक्रमांकाच्याच ब्लॉकमध्ये असावी, म्हणजे दोन्ही एकदमच शून्य होतील. पर्व शून्य दिसले की गेटवेने नवे पर्व मागून घ्यावे आणि अनन्य निर्बंध स्थानक, पर्व व क्रमांक या तिघांवर असावा.

या शिस्तीची किंमत उघड आहे : डेटाबेस बंद पडला की उत्पादनही थांबते. ते टाळण्यासाठी गेटवेच्याच चकतीवर एसक्यूलाइटमध्ये नोंद साठवून पोच देण्याचा मार्ग पुष्कळदा पत्करला जातो. तो त्याज्य नाही. मात्र मग पोचेचा अर्थ ‘डेटाबेसात पोहोचली’ असा न राहता ‘या एका चकतीवर आहे’ असा होतो, आणि मुख्य तक्त्याशी तुलना होऊन न जुळणारी नोंद सापडेपर्यंत तो भाग पुढच्या स्थानकावर गेलेला असतो.