उलट-भाषांतर पास, कार्ड नापास

रुग्णांसाठीच्या माहितीच्या भाषांतरावर काम करणार असाल, तर तुम्हाला हमखास विचारतील, "बॅक-ट्रान्सलेशन केलं का?" म्हणजे मराठी मजकूर दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून घ्यायचा आणि मूळ मजकुराशी ताडून पाहायचा. ही चाचणी वाईट नाही. पण डिस्चार्ज कार्डासाठी तेवढ्यावरच थांबणं मला धोक्याचं वाटतं.

एक नमुना घेऊ. धानोरा तालुक्यातला आठ वर्षांचा सिकलसेलचा मुलगा, दुखण्याचा झटका ओसरल्यावर घरी सोडलाय. कार्डावर फॉलिक ॲसिड, भरपूर द्रवपदार्थ आणि शेवटी 'रिव्ह्यू एसओएस'. मराठीत झालं: "फॉलिक ॲसिडची रक्तवाढीची गोळी रोज एक. भरपूर द्रवपदार्थ द्यावेत. गरज पडल्यास दाखवावे." परत इंग्रजीत करा, जवळपास तंतोतंत जुळेल.

आता घरात काय होतं बघा. आपल्याकडे रक्तवाढीची गोळी म्हणजे लोहाची गोळी, शाळेत मिळते तीच गुलाबी. सिकलसेलमध्ये तुटलेल्या पेशींतलं लोह शरीरातच राहतं, रक्त चढवलं की त्यात भर पडते. त्यामुळे तपासणीशिवाय लोह द्यायचं नसतं. 'रक्तवाढीची' हा शब्द भाषांतरकाराने सोपं करायला घातला आणि तिथेच घोळ झाला. त्यापेक्षा गोळीचं पाकीट कार्डावर चिकटवा आणि खाली लिहा, "शाळेतली लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका."

'भरपूर' म्हणजे किती? २० किलोच्या मुलाला दिवसाला साधारण दीड लिटर, उन्हाळ्यात जास्त. घरचा तांब्या मोजून तेवढे तांबे लिहायचे. (लघवीच्या रंगावरून ओळखा, असं काही जण लिहितात. सिकलसेलमध्ये मूत्रपिंड लघवी नीट घट्ट करू शकत नाही, म्हणून ती फिकी दिसली तरी पाणी कमी पडलेलं असू शकतं.)

सगळ्यात घातक आहे ते 'गरज पडल्यास'. या मुलांची पाणथरी निकामी होत जाते, म्हणून साधा दिसणारा ताप रक्तातला जंतुसंसर्ग असू शकतो. ताप १०१ च्या वर, धाप, छातीत दुखणं, एकदम पांढरं पडणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं: त्याच वेळी निघायचं, रात्र असली तरी. कुठे जायचं, थर्मामीटर नसेल तर काय, हे मूळ इंग्रजीत नाहीच. ते डॉक्टरांना विचारूनच लिहावं लागतं. गडचिरोलीत 'सर्च'ने न्यूमोनियासाठी हेच केलं होतं: साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईंना वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं श्वास मोजायचं साधन दिलं.

मग चाचणी कशी घ्यायची? आईला विचारा, "मध्यरात्री पोराचं अंग तापलं तर काय कराल बाई?" ती म्हणाली, "सकाळी बघू," तर कार्ड नापास. आणि कार्ड वाचणार मराठी शाळेतली ताई, पण मुलाला सांभाळणार गोंडी बोलणारी आजी, असं घर असेल तर हाच प्रश्न ताईने सांगून झाल्यावर आजीला विचारा, गोंडीतून.