‘साभार परत’च्या चिठ्ठीखाली

एका नवोदित लेखकाची कथा आम्ही नुकतीच परत पाठविली. ती छापण्याजोगी झाली नव्हती. पण नुसती ‘साभार परत’ची चिठ्ठी जोडण्याजोगीही नव्हती. म्हणून चिठ्ठीखाली चार शब्द लिहिले. ते इतरांनाही उपयोगी पडावेत.

कथा हस्तलिखित बारा पानांची. आखातात नोकरी करणारा मुलगा आईच्या दफनविधीनंतर दोन दिवसांनी घरी पोहोचतो. पहिली तीन पाने विमानतळ, विमान आणि बालपणाच्या आठवणी यांत जातात. चौथ्या पानावर तो आईची ट्रंक उघडतो. सहा वर्षांपूर्वी त्याने पाठविलेली साडी तिच्यात तशीच असते. दुकानाची किमतीची चिठ्ठीही टाचणीसह जागच्या जागी. शेजारची मावशी म्हणते, “तू येशील तेव्हा नेसणार होती.”

कथा इथे आहे, असे आम्ही लेखकाला कळविले. मुलगा सहा वर्षांनी आला आणि उशिरा आला, एवढेच वाचकाला आधी ठाऊक हवे. त्याला तीन वाक्ये पुरतात. ट्रंकेपासून आरंभ करावा.

दुसरी सूचना मावशीच्या वाक्यानंतरच्या परिच्छेदाविषयी. तिथे लेखक स्वतःच पुढे येऊन पश्चात्ताप, वेदना, अपराधीपणा असे शब्द ओततो. दुःखी माणसाचे चित्रण करताना लेखकाने अधिक थंड राहावे, असा सल्ला चेखव्हने 1892 साली लिडिया अविलोव्हा या लेखिकेला पत्रातून दिला होता. लेखकाचे रडणे वाचकाच्या रडण्याची जागा घेते. मुलगा त्या टाचणीचे काय करतो, हे सांगावे; त्याला काय वाटले, ते वाचक ओळखील.

तिसरी सूचना शेवटाची. आई स्वप्नात येऊन क्षमा करते आणि देवळाची घंटा वाजते. क्षमेला आमची हरकत नाही. पण बारा पानांत तिची वाट कुठेच दिसली नव्हती. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकट्याला पित्याची मिठी मिळते, थोरला मात्र अंगणातच उभा राहतो. तो आत गेला की नाही, हे प्रभू सांगत नाही. म्हणून तो प्रश्न ऐकणाऱ्यापाशी उरतो.

शेवटचे पान आम्हीच नव्याने लिहून कथा छापावी, असा मोह झाला होता. तसे केले असते तर कथा छापली गेली असती, पण ती आमची झाली असती. म्हणून समासात पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या केल्या. पुन्हा पाठविल्यास छापूच, असे वचन दिले नाही. पुन्हा वाचू, एवढेच लिहिले. आणि अखेरीस एक ओळ: मावशीच्या त्या वाक्यातला एकही शब्द बदलू नका.