मर्दखयाच्या पत्रातली भर

अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी ज्यू लोक पुरीम साजरा करतात. हा सण बहुधा फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येतो, म्हणून आपल्या कोकणातले बेने इस्राएल त्याला ‘होळीचा सण’ म्हणत आले. सणाची कथा म्हणजे बायबलातले एस्तेरचे पुस्तक. ते सिनेगॉगमध्ये आदल्या रात्री एकदा आणि दिवसा एकदा असे दोनदा वाचतात. वाचण्याआधी चर्मपत्राची गुंडाळी पूर्ण उलगडून पत्रासारख्या घड्या घालून ठेवण्याची रीत आहे. ऐकणाऱ्याला हा निव्वळ विधी वाटेल. पण कथा शेवटी एका पत्रावरच येऊन थांबते, हे त्या घड्यांनी आधीच सांगून ठेवलेले असते.

सुरुवात मेजवानीने होते. 127 प्रांतांचा धनी अहश्वेरोश राजा 180 दिवस आपले वैभव मिरवतो आणि मग शूशनच्या प्रजेला आणखी सात दिवस जेवू घालतो. एरवी मोजक्या शब्दांत बोलणारा निवेदक इथे मात्र पडदे, त्यांच्या दोऱ्या, रुप्याच्या कड्या, संगमरवरी खांब असे सगळे मोजत बसतो. सोन्याचे पेले, त्यांतही एकासारखा दुसरा नाही. नेमक्या या पेल्यांच्या उल्लेखाशी अनेक वाचक आपली चाल सोडतात आणि विलापगीतांच्या सुरात उतरतात, कारण परंपरा मानते की ही यरुशलेमच्या उद्ध्वस्त मंदिरातून लुटलेली भांडी होती. शब्द तेच, नुसता सूर बदलला, आणि राजाचे औदार्य परक्याच्या मालावर चालले आहे हे कानाला कळले. एवढे मोठे भाष्य इतक्या कमी खर्चात क्वचितच केलेले सापडते.

मग राजाचा प्रधान हामान येतो. मर्दखय नावाचा ज्यू आपल्यापुढे वाकत नाही, म्हणून त्याची सगळी जमातच संपवायची असे तो ठरवतो आणि मुहूर्तासाठी चिठ्ठ्या टाकतो. चिठ्ठ्या टाकल्या पहिल्या महिन्यात आणि कौल आला बाराव्याचा, म्हणजे ज्याच्या बळावर घात करायचा त्याच दैवाने बळींना जवळजवळ वर्षाची सवड दिली. देवाचे नाव या पुस्तकात कुठेही घेतलेले नाही. त्याच्या जागी हे असे योगायोग काम करतात. राजापुढे हामान ‘एक जमात आहे’ एवढेच म्हणतो, नाव घेत नाही, आणि दहा हजार तालंत रुपे देऊ करतो. राजाही नाव विचारत नाही. रुपे तुलाच राहू दे, ती माणसेही तुझीच, असे म्हणून बोटातली अंगठी काढून देतो. हुकूम घेऊन जासूद निघतात, राजा आणि हामान प्यायला बसतात, शूशन नगर गोंधळून जाते. ही तिन्ही चित्रे एकाच वाक्यात आहेत आणि लेखकाने त्यांवर टिप्पणीचा एक शब्दही केलेला नाही.

एस्तेर राणी जिवावर उदार होऊन राजासमोर जाते, राजाला एका रात्री झोप लागत नाही, हामान स्वतःच उभारलेल्या खांबावर चढतो, हा भाग सर्वांच्या ओळखीचा आहे. मला रेंगाळावेसे वाटते ते पुढच्या एका वाक्याशी. राजाचा पहिला हुकूम फिरवता येत नाही, म्हणून प्रतिकाराची मुभा देणारा दुसरा हुकूम निघतो, आणि त्यात शत्रूंची मालमत्ता लुटण्याचीही परवानगी असते. नवव्या अध्यायातली लढाई रक्तरंजित आहे, तिला सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. पण त्या वर्णनात तीन वेळा, गाण्याच्या ध्रुवपदासारखे, एक वाक्य येते: लुटीला मात्र त्यांनी हात लावला नाही. पहिल्या अध्यायातले पेले ज्याच्या लक्षात आहेत, त्याला या तिहेरी उच्चाराचे वजन कळते.

आणि मग पुस्तकातली सर्वांत नाजूक कलाकुसर. एकोणिसाव्या वचनात खेड्यापाड्यांतले ज्यू आपणहून काय करू लागले ते सांगितले आहे: आनंद, मेजवानी, सण आणि एकमेकांना खाण्याचे वाटे पाठवणे. लगेच पुढे मर्दखयाचे पत्र येते. दरसाल हे दिवस पाळा, असे तो सर्व प्रांतांना कळवतो, आणि बाविसाव्या वचनात तीच यादी पुन्हा येते. पण आता शेवटी एक भर पडली आहे: गरिबांना दान. लोकांना उत्स्फूर्तपणे शेजारी आठवला होता. ज्याच्या दारी वाटा पोचत नाही तो मर्दखयाला आठवला. यादीतून ‘सण’ हा शब्द मात्र गळला आहे, आणि त्यावरून तल्मूदाने असे काढले की या दिवशी काम बंद ठेवण्याचे बंधन लोकांनी स्वीकारले नाही. तीन वचनांच्या अंतरात एक शब्द गेला आणि एक दान आले; भरभर वाचणाऱ्याच्या हातून दोन्ही निसटतात.

धर्मशास्त्राने पुढे या दोन गोष्टींना वेगवेगळी मापे दिली. वाटा पाठवायचा तो किमान एका माणसाला, पण त्यात खाण्याच्या दोन वस्तू हव्यात. दान किमान दोन गरिबांना, प्रत्येकी एक. मैत्रीला एक माणूस पुरतो, दानाला पुरत नाही. हा फरक मला फार सुंदर वाटतो. वाट्यातले पदार्थ खायला तयार लागतात, कारण त्याच दिवशीच्या जेवणात ते पानावर यायचे असतात. म्हणून कापडचोपड पाठवून हे कर्तव्य फिटत नाही, असे बहुतेक शास्त्री मानतात.

या देवघेवीतली गंमत तल्मूदातल्या एका प्रसंगात आहे. रब्बा या गुरूने अबायेच्या हाती मारी बार मार याच्याकडे पिशवीभर खजूर आणि पेलाभर भाजलेले पीठ पाठवले. अबायेने आपल्या परीने इशारा दिला की मारी आता म्हणेल, खेडूत राजा झाला तरी गळ्यातली टोपली सोडत नाही. मारीने परत पाठवली पिशवीभर सुंठ आणि पेलाभर पिंपळी. आता गुरुजी म्हणतील, मी गोड पाठवले आणि याने तिखट, असे अबायेने तिथेही बोलून घेतले. पिशवीला पिशवी आणि पेल्याला पेला असा मापाला मापाने जबाब, चव मात्र उलटी! निरोप्याची दोन्हीकडची कुजबुज टिपून ठेवणाऱ्याला वाट्यामागची माणसे किती नेमकी दिसली होती!

दानाच्या बाबतीत मात्र असे मोजमाप चालत नाही. पुरीमला जो हात पुढे करील त्याला द्यायचे, खरा गरजू आहे का याची चौकशी करायची नाही. पुरीमसाठी गोळा केलेला पैसा दुसऱ्या धर्मकार्याकडे वळवायचा नाही. बाराव्या शतकात मैमोनिदेसने पसंतीचा क्रमही लावून दिला: आपली मेजवानी आणि मित्रांचे वाटे यांपेक्षा गरिबांच्या दानावर अधिक खर्च करावा. मर्दखयाने जे यादीच्या शेवटी लिहिले ते त्याने सर्वांच्या वर नेले.

या देण्यातून गरीबही सुटत नाही. ज्याच्याकडे एकाच जेवणापुरते आहे त्याने काय करावे? तल्मूदात अबिनाचे दोन मुलगे, दुसराच एक अबाये आणि हनिना, यांची नोंद आहे: ते आपापली जेवणे एकमेकांशी बदलून घेत. मैमोनिदेसच्या अर्थाप्रमाणे दोघांनी आपले पान दुसऱ्याकडे पाठवले, दोघांचा वाटा पाठवून झाला, आणि दोघेही जेवले.